टोपी (लघुकथा)

गाढवीकाठ

पुष्कळ दिवसांनी कथा टाकतोय. शंकरराव काल्पनिक आहेत, बाजार आणि फळ खरं आहे. फळाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. ओळखलंत तर निदान पहिल्या प्रतिसादात फोडू नका, ही विनंती.

---

मुलगी कॉलेजला गेली की शंकररावांना ते घर खायला उठायचं. तिबिलिसीतला नोव्हेंबर, चौथा मजला, खिडकीबाहेर राखाडी आभाळ. टीव्हीवरचं एक अक्षर कळत नव्हतं.

"स्टेशनाजवळच्या बाजारात जाऊन येतो," ते म्हणाले.

"बाबा, तिथे कोणाला इंग्रजी येत नाही."

"मले तरी कुठं येते?"

डेझर्टर बाजारात शिरल्यावर त्यांना जरा हायसं वाटलं. गोंधळ ओळखीचा होता. अक्रोडांचे ढीग, चीजचे पांढरे गोल, बरण्यांतली लोणची. वर दोरीला लांबट तपकिरी कांड्या टांगलेल्या. त्यांना आधी त्या मेणबत्त्या वाटल्या, पण एका पोरानं दातानं तोडून खाल्ली तेव्हा आत अक्रोड दिसले.

पुढच्या ओळीत एक म्हातारी फळं घेऊन बसली होती. दोन ढीग, दोन्ही नारिंगी. डावीकडची फळं मोठी, खाली निमुळती होत टोकाला आलेली, चकचकीत. उजवीकडची लहान, बसकी, रंगानं जरा मळकट. मागे दोरीला सोललेली, सुरकुतलेली फळं टांगली होती आणि त्यांच्यावर पिठासारखं काहीतरी पांढरं धरलेलं होतं.

टमाटर, हा पहिला विचार. शंकररावांनी डावीकडचं एक उचललं आणि तो विचार तिथंच मोडला. टमाटर हाताला एवढं जड लागत नाही, आणि त्याच्या देठाची चांदणी पातळ असते, पाच काड्यांची, बोट लावलं की निघते. इथं चार रुंद, जाड पाकळ्या फळाला चिकटून बसल्या होत्या. वाळल्या होत्या, कडा वर वळल्या होत्या, पण नखानं उचलून पाहिलं तरी सुटेनात. फुलाच्या वेळची टोपी फळाबरोबर वाढत गेली होती. फळ पिकलं, तोडलं, बाजारात आलं, तरी टोपी डोक्यावरच.

ही टोपी कुठंतरी पाहिली आहे, एवढं त्यांना पटलं. कुठं, ते आठवेना.

वांगं? वांग्याची टोपी मांसल असते, हिरवी असते, आणि खाली फळावर ओघळल्यासारखी उतरते. आमसुलाचं फळ त्यांनी एकदा रत्नागिरीला पाहिलं होतं. त्यालाही देठाशी चार तुकडे असतात, पण बारीक. शिवाय खरवडलं की पिवळा चीक येतो. यांनी नखानं देठ जरासा खरवडला. चीक नाही. म्हातारी डोळे बारीक करून पाहत होती.

त्यांनी फळ उलटं धरलं. टोकाला काळा बारीक ठिपका, फुलातली काडी वाळून राहते तसा. म्हणजे टोपीपासून ठिपक्यापर्यंत सगळं एकाच फुलाचं एक फळ. एवढ्यानं भागत नव्हतं.

मग त्यांना पान दिसलं.

काही फळं डहाळीसकट तोडलेली होती आणि एका डहाळीला तीन पानं राहिली होती. दोन लाल पडलेली, एक अजून हिरवट. शंकररावांनी हिरवं पान अंगठा आणि तर्जनीत धरलं आणि अंगठा फिरवला. वरून गुळगुळीत, खालून किंचित लव. जाड, चिवट. कड सरळ, दाते नाहीत. पान समोरासमोर नाही, एक इकडे, एक तिकडे. पाठीवर शिरा उठलेल्या.

आरमोरी, वडसा, कुरखेडा. वनपालाची सगळी नोकरी या पानावर गेली होती. एप्रिलच्या उन्हात फळीवर पुडके मोजताना बाया ज्या पानांवर अंगठा फिरवून बाद पानं बाजूला काढायच्या, ते पान हेच नव्हतं, पण त्याच घरातलं होतं. तेंदू. टेंभुर्णी.

आणि मग टोपीही आठवली. मे महिन्यात टेंभुर्णीखाली पडलेली पिवळी टेंभरं, लिंबापेक्षा लहान, प्रत्येकाच्या डोक्यावर हीच वाळलेली, वळलेल्या कडांची टोपी. हे त्याच्या चौपट मोठं, एवढंच.

नात्याची खूण पटल्यावर शंकररावांनी फळ खाली ठेवलं, कारण टेंभरं म्हटलं की दुसरी गोष्ट आठवते. कच्चं टेंभरं एकदा चावलं की तोंडाला मिठ्या बसतात, जीभ टाळूला चिकटते, थुंकलं तरी जात नाही. म्हणून पोरं झाडावरचं तोडत नाहीत. खाली पडलेलं, दाबलं की बोट आत जाईल असं उचलतात. हे हातातलं फळ तर दगडासारखं होतं.

मग ही म्हातारी दगड विकते?

ते बाजूला उभे राहून पाहू लागले. एक बाई आली, तिनं निमुळत्या फळांपैकी टणक टणक निवडून पिशवीभर घेतली. मग म्हातारीच्या मागं टांगलेल्या माळेला हात लावून काहीतरी विचारलं. म्हातारीनं बोटानं सोलायची खूण केली. शंकररावांनी माळेकडे नीट पाहिलं. टांगलेलं प्रत्येक फळ निमुळतं होतं, बसकं एकही नाही. ही फळं वाळवायला नेतात तर. जे झाडावरून काढल्या काढल्या खाता येतं, ते एवढ्या खटाटोपानं कोण सोलून टांगेल?

तेवढ्यात एका पोरानं उजवीकडचं, तितकंच टणक फळ उचललं, पँटला पुसलं आणि चावलं. कडकन आवाज आला. तोंड वाकडं झालं नाही. दुसरा घास घेतला.

शंकरराव चक्रावले. टोपी तीच, पान तेच असणार, मग हे टणक असून गोड कसं? पोराच्या हातातल्या फळाकडे त्यांनी मान वाकवून पाहिलं. आतला गर नारिंगी नव्हता. तपकिरी होता, ठिपक्याठिपक्यांचा, आणि मध्ये चपट्या, गडद, चकाकणाऱ्या बिया. बियांचा आकारही टेंभराच्या बीचाच.

म्हातारीनं त्यांची मान पाहिली. तिनं सुरी घेतली आणि न विचारता एक बसकं आडवं कापलं. मध्ये आठ कोनांची चांदणी. काही घरांत बी, काही रिकामी. बियांभोवती गर तपकिरी, आणि एका कडेला, जिथं बी नव्हती, तिथं फिकट. तिनं तपकिरी बाजूची फोड त्यांच्यापुढे धरली आणि फिकट बाजू स्वतःच्या मांडीवरच्या भांड्यात टाकली.

शंकररावांनी फोड घेतली, पण तोंडात टाकण्याआधी डाव्या ढिगाकडे बोट दाखवलं, दोन्ही गाल आत ओढले, ओठांचा चंबू केला आणि डोळे मिटले.

म्हातारी एवढी हसली की शेजारची मिरच्यावाली वळून पाहू लागली. मग ती वाकली, गाड्याखालून एक खोका ओढला. त्यात तीच निमुळती फळं होती, पण साल पातळ पडून आतला रंग बाहेर दिसत होता, आणि प्रत्येक फळ टोपीवर उलटं ठेवलं होतं, कारण दुसऱ्या कोणत्याही बाजूनं ठेवलं असतं तर फुटलं असतं. तिनं एक बोट त्यावर हलकेच टेकवलं. बोट रुतलं.

"हाव," शंकरराव म्हणाले. "अस्संच."

दोन बोटं दाखवून त्यांनी दोन किलो घेतली, आणि बसकी एक किलो वर. पिशवीत बसकी खाली, मऊ वर.

---

चिंचेचा_चेंडू

मस्त! गाल आत ओढण्याची खूण तर डोळ्यांपुढे उभी राहिली. आणि हे पर्सिमॉन आहे :)

गाढवीकाठ

विनंती केली होती हो. असू दे.

पानगळ

कथा आवडली. वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे एक खोट काढल्याशिवाय राहवत नाही. चार पाकळ्यांची टोपी ही टेंभुर्णीची खात्रीची खूण नव्हे. टेंभुर्णीच्या टोपीला पाच तुकडे सर्रास असतात, क्वचित सहाही. पर्सिमॉनला चार. म्हणजे नुसते तुकडे मोजत बसले असते तर शंकरराव उलट्या दिशेला गेले असते.

तुमच्या कथेत ते तुकडे मोजून थांबत नाहीत, म्हणून ती टिकते. टोपी फुलानंतर वाढते, लाकडासारखी होते आणि पिकल्यावरही गळत नाही. त्याला एकाआड एक, बिनदात्यांचं चिवट पान जोडा. आडव्या कापात आठ घरं आणि चपट्या बिया जोडा. यातली एकेक खूण दहा झाडांत सापडेल, पण सगळ्या मिळून टेंभुर्णीच्या घराबाहेर फारशा सापडत नाहीत. पानाला आधी हात घालणं हे खरं वनपालाचं लक्षण. बाकीचे लोक फळ पाहतात.

कर्नाळ्याचा_कोतवाल

एवढा विचार कशाला? साधा नियम आहे: टोकदार ते तुरट, चपटं ते गोड. क्रॉफर्ड मार्केटात ऑक्टोबर-नोव्हेंबरला हिमाचलची येतात, मी दर वर्षी चपटी बघून घेतो. एकदाही फसलो नाही.

शिनागावा_सदू

@कर्नाळ्याचा_कोतवाल, दुकानात तुमच्यासमोर दोनच जाती असतील तोवर हा नियम चालतो. मी जपानात राहतो. इथे टोकदार म्हणजे हाचिया, चपटं म्हणजे फुयू, आणि त्या जोडीपुरतं तुमचं बरोबर आहे. पण बसक्या आकाराच्या तुरट जातीही आहेत. आकारावर गेलात तर त्या दिवशी तोंडाला मिठ्या बसतील.

आमच्या घरमालकीणबाई तुरट फळं आणतात आणि टोपीची बाजू पस्तीस टक्क्यांच्या शोचू दारूत बुडवून पिशवीत घट्ट बांधतात. साधारण आठवड्यानं उघडायचं. फळ टणकच राहतं पण तुरटपणा गेलेला. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा फळाला दारू पाजतात म्हणून हसलो होतो.

कर्नाळ्याचा_कोतवाल

म्हणजे दारूनं तुरटपणा धुतला जातो?

पानगळ

धुतला जात नाही, फळातच राहतो. तुरट लागतं ते टॅनिन, आणि जोवर ते रसात विरघळलेलं आहे तोवर ते थुंकीतल्या प्रथिनांना धरतं. म्हणून तोंड कोरडं पडल्यासारखं वाटतं. दारूपासून फळात ॲसिटाल्डिहाइड तयार होतं, त्यानं टॅनिनचे कण एकमेकांना जखडून बसतात आणि विरघळेनासे होतात. मग जिभेला ते कळतच नाही.

आता कथेतली तपकिरी फोड बघा. काही जातींत हे काम बी स्वतः करते. परागण होऊन बी धरली की वाढणारी बी तोच पदार्थ सोडते आणि तिच्याभोवतीचा गर तपकिरी, ठिपक्यांचा, गोड होतो. बी धरली नाही त्या बाजूचा गर फिकट आणि तुरटच. एकाच फळाची एक बाजू गोड, दुसरी नाही, असं होतं. म्हातारीनं फिकट बाजू भांड्यात टाकली ते वाचून मी खुर्चीत सरळ बसले.

फुयूचं वेगळं. ती झाडावरच गोड होते, बी असो वा नसो, आणि गर तपकिरी पडण्याची गरज नसते. म्हणून "तपकिरी तेच गोड" असाही नियम करू नका.

तळ्यातली_मळ्यात

मी चार वर्षं तिबिलिसीत होते. घट्ट असताना खायचं ते तिथे "करालियोकी" म्हणून वेगळं मागतात. आणि वाळवलेल्या फळांना "चिरी". खेडेगावात घराच्या गॅलरीत माळा टांगलेल्या असतात. डिसेंबरात तिथलं झाड बघायला हवं. पान एक नाही आणि अंगभर नारिंगी फळं. कथेत डहाळीला हिरवट पान दाखवलंय, नोव्हेंबरच्या सुरुवातीला ठीक, शेवटी शेवटी नाही मिळणार.

बाकी डेझर्टर बाजारात म्हाताऱ्या एवढ्या हसत नाहीत. माझ्यावर तर ओरडल्याच आहेत.

गाढवीकाठ

तुम्ही फळं दाबून पाहत असाल.

तळ्यातली_मळ्यात

:D हो.

सुपारीफुटली

छान. माझा प्रश्न: बी आणली का? आमच्याकडे नागपूरला दोन एकर मोकळं आहे. बी पेरून किती वर्षांत फळ धरेल आणि रेट काय मिळेल?

गाढवीकाठ

दादा, ही कथा आहे. शंकररावांनी बी आणलेली नाही.

पानगळ

@सुपारीफुटली, परदेशातून बी आणायला आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो, खिशात घालून आणू नका. आणि आणलीत तरी बीपासून आईसारखं फळ येत नाही, कलमच लागतं. आपल्याकडे हे झाड कुल्लूसारख्या थंड ठिकाणी रुजलंय. नागपूरचा मे त्याला सोसेल असं मला वाटत नाही, पण करून पाहिलेल्या कोणी सांगितलं तर ऐकेन.

सुपारीफुटली

टेंभुर्णीवर कलम केलं तर? तीच फॅमिली ना?

पानगळ

प्रश्न चांगला आहे. खुंट म्हणून अमलूक वापरतात, तो याच घरातला. टेंभुर्णीवर यशस्वी झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

आठळी

थोडं वेगळं, पण तेच कोडं. मी मालवणची. बँकॉकच्या बाजारात जांभळी, जाड सालीची फळं पाहिली, देठाशी चार गोल जाड पाकळ्या. नखानं खरवडल्यावर पिवळा चीक आला. माझ्या तोंडून आपोआप "रातांबा!" निघालं. मँगोस्टीन होतं ते, आणि खरंच रातांब्याच्या घरातलं. बाईनं मला फळ उलटं करून बुडाची चांदणी दाखवली आणि तिच्या पाकळ्या मोजायला लावल्या. सहा. मग फोडलं, आत सहा पाकळ्या गर. पुढचं पाच, आत पाच. बुडावरच्या त्या पाकळ्या फुलातल्या टोकाच्या राहिलेल्या असतात आणि आत तितकीच घरं, असं नंतर कळलं. मी बाजारात उभी राहून किलोभर मोजून काढली. जास्त पाकळ्यांचं घ्यायचं, पाकळ्या लहान आणि बहुतेक बिनबियांच्या मिळतात.

पानगळ

@आठळी, हे तर शंकररावांपेक्षा नेटकं. बाहेरून आतलं मोजता येणारी फळं थोडी.

वाकडी_वाट

एक इशारा द्यावासा वाटतो. "ओळखीच्या झाडासारखं दिसतंय, म्हणजे खायला हरकत नाही" हा विचार जिवावर बेततो. आमच्या कोकणात काजऱ्याची फळं दिसायला छोट्या संत्र्यासारखी, गोल, केशरी. बी म्हणजे कुचला, विष. त्याच घराण्यातली आफ्रिकेतली एक जात लोक आवडीनं खातात. आणि खुद्द टेंभुर्णीच्या घरात एक असं झाड आहे ज्याची फळं मासे गुंगवायला डोहात टाकतात. नातं पटलं म्हणून फळ निर्धोक ठरत नाही. असल्या कथा वाचून पोरं जंगलात काहीही तोंडात घालतील.

गाढवीकाठ

@वाकडी_वाट, मान्य, पण एक बघा. शंकररावांनी नात्यावरून "खाऊ" असं ठरवलं नाही. उलट नातं पटल्यावर फळ खाली ठेवलं. खायचं ठरवलं ते पोराला खाताना पाहून आणि म्हातारीनं कापून दिल्यावर. जंगल आणि बाजार यात हाच फरक आहे. बाजारात फळ खाण्याजोगं आहे हे दुसऱ्या कोणीतरी आधीच ठरवलेलं असतं. आपल्याला फक्त कधी आणि कसं एवढंच ओळखायचं असतं.

मुठा_ते_मार्मारा

@गाढवीकाठ, तुमच्या या शेवटच्या वाक्यासाठी लॉगिन केलं. इझमिरला ऑक्टोबरात बाजारात हिरव्या-जांभळ्या चकचकीत फळांचे ढीग होते. मला वाटलं जांभळाची बहीण. पाव किलो घेतली आणि चालता चालता एक चावलं. ऑलिव्ह! ताजं, झाडावरून काढलेलं. कडू म्हणजे किती कडू, संध्याकाळपर्यंत जेवण नीट लागलं नाही. लोक ते घरी नेऊन चेचतात, दिवसच्या दिवस पाणी बदलत ठेवतात, मग मिठात घालतात. बाजारात होतं, सगळे घेत होते, तरी तसंच खायचं नव्हतं. विकणाऱ्यानं पाहिलं, पण काही बोलला नाही. मजा बघत होता.

शिनागावा_सदू

हाहा. म्हणून "सगळे काय करताहेत" यापेक्षा "घेतलेलं कुठे नेताहेत" हे पाहायचं. कथेतल्या त्या पिशवीवाल्या बाईसारखं. ती टणक फळं निवडून घेते आणि माळेबद्दल विचारते, तिथेच मला कळलं होतं.

माळेबद्दल सांगायचं तर, फळ टणक असतानाच सोलावं लागतं. देठाजवळची डहाळी इंग्रजी टी अक्षरासारखी राखून तोडतात, म्हणजे दोरी अडकते. सोलल्यावर उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवून काढतात, बुरशी धरू नये म्हणून. साधारण आठवड्यानं वरची कातडी सुकली की रोज हळूच दाबून आतला गर सैल करतात. महिना-सव्वा महिन्यानं तयार. वरचं पांढरं बुरशी नसते, आतली साखर बाहेर येऊन जमलेली असते. बुरशी असेल तर ती लोकरीसारखी उठते, हिरवी-करडी पडते, वासही येतो. साखर कोरडी, बारीक, एकसारखी.

कर्नाळ्याचा_कोतवाल

मुंबईत जमेल का हे?

शिनागावा_सदू

दमट हवेत नाही. सुकण्याआधी सडेल.

वसंतबहार_वॅलेन्सिया

स्पेनमधून. इथली मुख्य जात लांबट, टोकाकडे निमुळती, म्हणजे कोतवालांच्या नियमाप्रमाणे तुरट. आणि आहेच तुरट. पण सुपरमार्केटात ती टणक विकतात आणि लोक सफरचंदासारखी कापून खातात. कारण काढणीनंतर फळं बंद खोलीत ठेवून जवळजवळ निव्वळ कार्बन डायऑक्साइड सोडतात, साधारण एक दिवस. त्यानंही तेच होतं जे सदूंच्या दारूनं होतं. शेजारच्या शेतकऱ्यानं झाडावरून काढून दिलेलं तेच फळ मात्र पार मऊ होईपर्यंत तोंडाजवळ नेववत नाही. दोन्ही फळं शेजारी ठेवली तर मला बाहेरून फरक सांगता येत नाही. त्यामुळे शंकरराव इथे आले असते तर त्यांचं डोकं चाललं नसतं.

आठळी

पिशवीवरची चिठ्ठी वाचली असती :)

मोडी_घडी

मी नर्स आहे, एंडोस्कोपी विभागात. कच्ची, तुरट फळं उपाशीपोटी भरपूर खाल्ली तर तेच टॅनिन जठरातल्या आम्लात गोळा होऊन त्याचा घट्ट गोळा बनू शकतो. ज्यांच्या जठराचं ऑपरेशन झालंय किंवा मधुमेहामुळे पोट हळू रिकामं होतं, त्यांनी विशेष जपावं. एखादं पिकलेलं फळ खाऊन काही होत नाही, घाबरू नका. आमच्या आईनं हे वाचून घरातली तीन फळं शेजारी देऊन टाकली, म्हणून स्पष्ट लिहिलं.

झाकोळ

सगळे फळावर तुटून पडलेत, कथेवर कोणीच नाही. मला शेवट अर्धा वाटला. मुलगी सुरुवातीला येते आणि मग गायब. घरी गेल्यावर दोघांचं काहीतरी हवं होतं. आणि मधला भाग तपासणी अहवालासारखा झालाय, वांगं नाही, टमाटर नाही, आमसूल नाही. एवढी यादी कोण मनात करतं?

चिंचेचा_चेंडू

वनपाल करतो.

तळ्यातली_मळ्यात

मला उलट आवडलं. घरी नेऊन रडारड नाही केली हेच बरं. पण "मले तरी कुठं येते" एवढंच झाडीबोलीचं? शंकरराव मनात तर नक्की झाडीतच बोलत असणार.

गाढवीकाठ

@झाकोळ, मुलीचा प्रसंग लिहिला होता, काढून टाकला. त्यात ती त्यांना नाव सांगते आणि सगळी मजा जाते. यादीबद्दल विचार करतो.

@तळ्यातली_मळ्यात, पहिला खर्डा पूर्ण झाडीबोलीत होता. बायकोनं वाचून सांगितलं की पुण्याचे लोक दुसऱ्या परिच्छेदात सोडून जातील.

पेठेतला_पाहुणा

पुण्याचे लोक शेवटपर्यंत वाचतात, मग चुका काढतात.

माझी शंका राहिलीच. त्या बसक्या ढिगातलं कोणतं फळ आतून तपकिरी आहे हे न कापता ओळखता येतं का? म्हातारी कापून दाखवते, पण आपल्याला पूर्ण किलो घ्यायचंय.

पानगळ

काही जण म्हणतात की बिया एकाच बाजूला धरल्या तर फळ तिकडे जास्त फुगतं, म्हणजे सगळीकडून सारखं गोल फळ घ्यावं, त्यात सगळीकडे बी असण्याची शक्यता जास्त. तर्क म्हणून पटतो. पण एकही बी नसलेलं फळही सगळीकडून सारखंच गोल असेल, त्याचं काय?

तळ्यातली_मळ्यात

आम्ही टोकाजवळ सालीतून करडी-तपकिरी झाक दिसते का ते बघायचो. कथेत "रंगानं जरा मळकट" लिहिलंय तेच. दहातली आठ बरोबर निघायची. उरलेली दोन रूममेटला.

वसंतबहार_वॅलेन्सिया

करडी झाक उन्हानं, घासल्यानंही येते. मी तरी कापल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही.

तळ्यातली_मळ्यात

घासल्याची झाक रेघांत असते, एका बाजूला. ही टोकाभोवती कड्यासारखी असते. पुढच्या हिवाळ्यात मैत्रिणीला फोटो काढून पाठवायला सांगते, कापण्याआधीचे आणि नंतरचे.

पेठेतला_पाहुणा

फोटो याच धाग्यावर टाका. तोवर मी किलोभर मऊच घेतो.